सेल्फी ते स्प्राइट – भाग ४ : गव्हाळ चेहरा राखाडी का होतो?

मागच्या भागात आपण सेल्फी चौकोनी कापून १६ × १६ पिक्सेलपर्यंत आणली. आता चेहऱ्यासाठी आपल्याकडे अवघे २५६ ठिपके आहेत. या आठवड्यात ते पिको-८च्या रंगांत बसवायचे. २०१५ साली आलेल्या या काल्पनिक गेम कन्सोलचा पडदा १२८ × १२८ पिक्सेलचा असून त्याच्या मूळ रंगपेटीत १६ रंग आहेत.

बहुतेक जण हे काम सरळ प्रोग्रॅमवर सोपवतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे घ्यायचे, सोळा रंगांपैकी प्रत्येकापासूनचे अंतर काढायचे आणि ज्याचे अंतर सर्वांत कमी तो रंग द्यायचा. PAL मध्ये या सोळा रंगांचे आकडे ठेवले की कोड एवढासाच :

```python
def javal(p):
    return min(PAL, key=lambda c:
        sum((a-b)**2 for a, b in zip(p, c)))
```

गव्हाळ वर्णाचा चेहरा यातून काढून पाहा. गाल तपकिरी येतो, पण जबड्याखाली गडद राखाडी पट्टा उमटतो आणि कपाळावर पांढुरके डाग पडतात. कॅमेऱ्याचा किंवा उजेडाचा यात दोष नाही. असे का होते ते आकड्यांतच दिसते.

जबड्याखालच्या सावलीतला एक ठिपका घेऊ : १२०, ८५, ७०. डोळ्यांना तो तपकिरीच वाटतो. पिको-८चा तपकिरी आहे १७१, ८२, ५४. दोघांतले फरक ५१, ३ आणि १६. त्यांच्या वर्गांची बेरीज २८६६. गडद राखाडी आहे ९५, ८७, ७९. इथे फरक २५, २ आणि ९. बेरीज फक्त ७१०. हिशोबात राखाडी सहज जिंकतो. कपाळावरच्या चकाकीचेही तसेच. २००, १६०, १४० हा ठिपका फिकट पीचपासून ५८६१ वर आहे, तर फिकट राखाडीपासून ४७४२ वर. हे सूत्र फक्त आकडे जुळवते. त्वचेच्या छटा एकाच कुळातल्या राहायला हव्यात, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय रंगपेटीत तपकिरी आणि पीच यांच्यामध्ये त्वचेला शोभेल असा दुसरा रंगच नाही. आपल्याकडचे बहुसंख्य वर्ण नेमके त्या रिकाम्या जागेत येतात, म्हणून हा त्रास आपल्याला जास्त जाणवतो.

यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमला सगळे सोळा रंग द्यायचेच नाहीत. मी सहाच ठेवते : केसांना गडद निळा, त्वचेला तपकिरी, सावलीला गडद जांभळा, चकाकीला पीच, डोळ्यांसाठी पांढरा आणि शर्टाचा एक, समजा लाल. आता तोच सावलीचा ठिपका पुन्हा मोजा. गडद जांभळा आहे १२६, ३७, ८३. त्याचे अंतर २५०९ येते, म्हणजे तपकिरीपेक्षा कमी. सावली जांभळट झाली, तरी तपकिरीशेजारी ती उबदार दिसते आणि चेहरा एकसंध राहतो. कपाळ आपोआप पीच होते. वर्ण बराच गोरा असेल, तर पीच मुख्य रंग धरून तपकिरीला सावली करावे.

केस काळे असताना निळा कशासाठी? पिको-८मध्ये `spr()` स्प्राइट काढताना ० क्रमांकाचा रंग, म्हणजेच काळा, मुळात पारदर्शक धरतो. केस काळे रंगवले, तर गेममध्ये डोक्याच्या जागी भोक पडते आणि मागची भिंत दिसते. एडिटरमध्ये पार्श्वभूमीही काळीच असल्याने तिथे ही चूक लक्षात येत नाही; रंगीत पार्श्वभूमीवर स्प्राइट काढला की लगेच कळते. `palt(0,false)` लिहून काळा अपारदर्शक करता येतो, पण मग पार्श्वभूमीसाठी दुसरा रंग राखून ठेवावा लागतो. गडद निळा वापरला की हा प्रश्नच उरत नाही, आणि डोक्याभोवतीची जागा निर्धास्तपणे ० ने भरता येते.

डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास निर्माण करणे, इथे बंद ठेवा. मोठ्या चित्रात ते सुंदर दिसते. पण सोळा ठिपके रुंदीच्या चेहऱ्यावर ते देवीच्या व्रणांसारखे दिसते.

डोळे मात्र हातानेच काढावे लागतात. चित्र लहान करताना डोळा दोन घरांत विभागला गेला असेल, तर सरासरीत त्याची बाहुली आणि पांढरा भाग एकत्र होऊन नुसता मळकट ठिपका उरतो. तो पुसून प्रत्येक डोळ्याला गडद निळ्याचे दोन उभे ठिपके द्या आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला एकेक पांढरा. रुंदी १६, म्हणजे सम असल्याने मधला स्तंभ नसतो. म्हणून दोन्ही डोळे ८व्या आणि ९व्या स्तंभांमधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर ठेवा. नाकाला त्या रेषेच्या एकाच बाजूला सावलीचा एक ठिपका पुरतो. दोन्हीकडे दिले, तर नाक फेंदारलेले दिसते. चष्मा असेल, तर भुवया सोडून द्या. दोन्हींना जागा नाही, आणि माणूस ओळखू येतो तो चष्म्यावरूनच.

स्प्राइट आठाच्या चार घरांत बसतो, म्हणून तो पडद्यावर आणताना रुंदी आणि उंची दोन-दोन सांगावी लागते :

```lua
cls(12)
spr(1,56,56,2,2)
```

मागे आकाशी रंग मुद्दाम घेतला आहे. केसांत कुठे आकाश डोकावले, तर तिथे चुकून काळा राहिला आहे असे समजा.

पुढच्या आठवड्यात या डोक्याखाली धड आणि पाय जोडून चालण्याच्या फ्रेम काढू.