बाण दाबला आणि कर्सर पळाला

एक्सेल वापरणाऱ्या कुठल्याही ऑफिसात एक सल्ला हमखास कानावर येतो: सेलमध्ये दुरुस्ती करू नका, बाण दाबला की कर्सर दुसऱ्या सेलमध्ये पळतो, माउस घ्या, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये क्लिक करा आणि तिथेच काय ते सुधारा. सल्ला देणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. कर्सर खरोखरच पळतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे सेल ही दुरुस्तीची चुकीची जागा आणि बार ही बरोबर जागा, हा साफ चुकीचा आहे. या गैरसमजापायी माणसं एकेका अक्षरासाठी दिवसभर कीबोर्ड सोडून माउसकडे धावतात. बाण कसा वागणार हे जागेवर ठरत नाही. एक्सेल त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे, यावर ते ठरतं.

ही अवस्था लपलेलीही नाही. खिडकीच्या अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात एक शब्द असतो. नुसता सेल निवडलेला असला तर तिथे `Ready` दिसतं. थेट टाइप करायला लागलात की त्याचं `Enter` होतं. या अवस्थेत बाणाचा अर्थ ‘लिहून झालं, पुढच्या सेलकडे चला’ असा आहे. रकान्यामागून रकाना आकडे भरणाऱ्याला हेच हवं असतं, कारण आकडा टाकून बाण दाबला की काम पुढे सरकतं. पण सेल निवडून F2 दाबलं तर कोपऱ्यात `Edit` येतं, कर्सर मजकुराच्या शेवटी उभा राहतो आणि तेच बाण आता अक्षराअक्षरावरून फिरतात. टाइप करता करता मध्येच F2 दाबलं तरी `Enter` चं `Edit` होतं; लिहिलेलं काही जात नाही. फॉर्म्युला बारमध्ये क्लिक केल्यावर बाण शहाणे होतात ते एवढ्याचसाठी, की त्या क्लिकनेही `Edit` अवस्थाच सुरू होते. श्रेय अवस्थेचं आहे, बारला ते फुकट मिळतं.

पटत नसेल तर सेटिंगमध्ये पुरावा आहे. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड विभागात, `Allow editing directly in cells` अशी एक खूण असते. ती काढली तर F2 दाबल्यावर कर्सर सेलमध्ये न जाता थेट फॉर्म्युला बारमध्ये जातो. मायक्रोसॉफ्टच्या शॉर्टकटच्या यादीतही F2 चं काम असंच दिलेलं आहे. म्हणजे F2 विरुद्ध फॉर्म्युला बार असा सामनाच नाही. एक कळ आहे आणि दुसरी जागा. ही कळ एक्सेलहूनही जुनी. 1983 साली आलेल्या लोटस 1-2-3 मध्ये F2 हीच एडिटची कळ होती, आणि तिथे दुरुस्ती पडद्याच्या वरच्या ओळीतच होत असे.

सूत्रांच्या बाबतीत प्रकरण आणखी एक वळण घेतं, आणि लोकांचा सगळ्यात जास्त संताप इथेच होतो. सोसायटीच्या देखभाल खर्चाचा तक्ता घ्या. C12 मध्ये बेरीज आहे, पण अकराव्या ओळीतला फ्लॅट तीत राहून गेला आहे:

```
=SUM(C2:C10)*1.05
```

C12 वर उभं राहून F2 दाबा. कर्सर शेवटी, 5 च्या पुढे आहे. डावा बाण सहा वेळा दाबला की गुणाकाराचा भाग आणि कंस ओलांडून तो 10 आणि कंस यांच्यामध्ये येतो. एक बॅकस्पेस, मग 1, मग एंटर. C10 चं C11 झालं. हेच सूत्र F2 न दाबता नव्याने टाइप करत असाल आणि गुणाकाराच्या चिन्हापर्यंत आल्यावर चूक दिसून डावा बाण दाबलात, तर हे दिसेल:

```
=SUM(C2:C10)*B12
```

हा B12 कुठून आला? सूत्र लिहिताना चिन्हानंतर बाण दाबला की एक्सेल समजतं, तुम्हाला सेल दाखवायचा आहे. कोपऱ्यात `Point` उमटतं आणि शेजारच्या सेलचा पत्ता सूत्रात येतो. इथेही उपाय F2 हाच. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या चौकटीत सूत्र लिहिताना बाण दाबला की नको तो पत्ता घुसतो, त्याचंही कारण हेच आणि औषधही हेच. तिथे तर पळून जायला फॉर्म्युला बारही नसतो.

यावर कुणी म्हणेल, डबल क्लिकने हेच होतं की. होतं, आणि कर्सर हव्या त्या अक्षरापाशी ठेवता येतो हा फायदाही आहे. पण नेम चुकून क्लिक सेलच्या कडेवर पडली तर एक्सेल त्या दिशेला माहितीच्या टोकाशी उडी मारतं. लांबलचक सूत्राचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. तीन-चार ओळींचं सूत्र सेलमध्ये उघडलं की ते शेजारचे आकडे झाकतं, आणि नेमके तेच आकडे पाहायचे असतात. अशा वेळी बारच बरा. कंट्रोल-शिफ्ट-U ने तो मोठाही होतो. हा सोयीचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा नव्हे.

एकदा `Edit` मध्ये शिरलात की सहा-सहा वेळा बाण बडवायचीही गरज नाही. कंट्रोलसह बाण दाबला की कर्सर शब्दाशब्दाने जातो, होम आणि एंड ओळीच्या टोकांना नेतात, शिफ्ट धरली तर मजकूर निवडला जातो. देवनागरीत एक गोष्ट वेगळी आहे. ‘सदाशीव’ लिहिलं गेलं असेल तर बाण ‘शी’ एका उडीत ओलांडतो, कारण तो जोडून आलेलं अक्षर एकच धरतो. पण विंडोजवर त्यापुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबलं की फक्त दीर्घ वेलांटी जाते, ‘श’ राहतो. ऱ्हस्व दिली की काम झालं. उलट ‘शी’च्या आधी उभं राहून डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर जातं.

उरलेले गैरसमज थोडक्यात. सेलमध्ये पूर्णांकात आणलेला आकडा दिसतो आणि खरा आकडा फक्त बारमध्ये, असं म्हणतात; F2 दाबा, सगळे दशांश सेलमध्येही उघड होतात. एस्केपने शेवटचं अक्षर रद्द होत नाही, त्या खेपेची सगळी दुरुस्ती जाते. लॅपटॉपवर F2 ने पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलत असेल तर कळ बिघडलेली नाही, सोबत Fn दाबा.

आणि F2 दाबून काही न बदलता एंटर केलं तर काहीच होत नाही, हा समज सगळ्यात महागात पडू शकतो. एक्सेल त्या मजकुराची नव्याने नोंद करतं. म्हणूनच मजकूर होऊन बसलेला आकडा, फॉरमॅट `General` केल्यावर, F2 आणि एंटरने खरा आकडा होतो. पण दुसऱ्या फाइलमधून मजकूर म्हणून आलेला ‘3-4’ हा फ्लॅट क्रमांक `General` सेलमध्ये असेल, तर त्याच दोन कळांनी त्याची तारीख होते. नुसतं पाहायला म्हणून F2 दाबलं असेल, तर बाहेर पडताना एस्केप दाबा.