नव्वद रुपयांचा फरक

सॉफ्टवेअर कंपनीतली मुलाखत बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: "तुमच्याबद्दल थोडं सांगा." संगणकशास्त्राची पदवी घेऊन आलेल्याला हे सोपे जाते. पण पतसंस्थेत, शाळेत किंवा दुकानात काही वर्षे काढून आलेल्या उमेदवारासाठी याच वाक्यात आणखी दोन प्रश्न दडलेले असतात. तिकडचे काम सोडून इकडे का आलात? आणि इथे टिकाल कशावरून?

इथे बरेच जण म्हणतात, "मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड होती." हे खरे असले तरी त्यावर समोरच्याला काही विचारता येत नाही आणि काही पडताळताही येत नाही. दुसरे काही उमेदवार जुनी नोकरी एका वाक्यात उरकतात आणि थेट कोर्सच्या प्रमाणपत्रांवर येतात. त्यांच्या हाती असलेला सर्वात भक्कम पुरावा त्या उरकलेल्या वाक्यातच राहून जातो.

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सहा वर्षे लेखनिक असलेली एक तरुणी पुण्यात मुलाखतीला आली आहे. संस्थेचे अकरा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी वसुली आणून देत. एजंटच्या यंत्रातली यादी आणि संस्थेची रोजकीर्द जुळवणे हे तिचे काम. मेळ लागला नाही तर घरी जायला उशीर ठरलेला.

एका संध्याकाळी रोख नव्वद रुपयांनी जास्त भरते. अनुभवी लेखनिक अशा वेळी सगळ्या पावत्या पहिल्यापासून चाळत बसत नाही. तो फरकाला नऊने भागून पाहतो. 540 च्या जागी 450 लिहिले गेले की फरक 90 येतो. कुठल्याही रकमेतल्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने पूर्ण भाग जातोच. जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून दुसरी तपासणी फरकाच्या निम्म्या रकमेची. हिशेबनीसांच्या पिढ्यांनी वापरलेली ही युक्ती. या तरुणीने ती पायथॉनमध्ये उतरवली. तिचा प्रोग्राम दोन्ही याद्या वाचतो, खाते क्रमांकानुसार जुळवतो आणि न जुळलेल्या नोंदी कारणाच्या अंदाजासह समोर ठेवतो. सव्वा तासाचे काम दहा मिनिटांवर आले.

मुलाखतीत सांगण्याजोगी गोष्ट ही आहे. तिची मांडणी चार टप्प्यांची ठेवावी: परिस्थिती काय होती, त्यात आपली जबाबदारी कोणती, आपण नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. सगळे मिळून दोन मिनिटांत बसले पाहिजे. नवखे लोक पहिल्या टप्प्यातच अडकतात आणि पतसंस्थेचा सगळा कारभार समजावत बसतात. परिस्थितीला तीन-चार वाक्ये पुरतात. निम्म्याहून अधिक वेळ "मी काय केले" याला हवा. तिथेही "आम्ही केले" न म्हणता "मी केले" म्हणावे, कारण समोरच्याला त्या एकाच माणसाचे काम जोखायचे असते.

खरी परीक्षा त्यानंतर होते. गोष्ट रंगली की मुलाखत घेणारा आत शिरतो आणि म्हणतो, कोड दाखवा. तिच्या प्रोग्राममध्ये या ओळी आहेत:

```python
if diff % 9 == 0:
    print("अंकांची अदलाबदल तपासा")
```

"फरक शून्य असेल तर काय होईल?" तो विचारतो. शून्यालाही नऊने पूर्ण भाग जातो, म्हणजे मेळ बरोबर लागलेल्या दिवशीही हा प्रोग्राम चूक असल्याचे सांगेल. ती म्हणते, "सर, पहिल्या आठवड्यात हेच झालं होतं. मग शून्याची अट आधी तपासायला लावली." पुढचा प्रश्न येतो: नव्वद रुपयांची एखादी नोंदच राहून गेली असेल तर? तेव्हाही नऊने भाग जाईल. म्हणून प्रोग्राम निकाल देत नाही, कुठे पाहायचे ते सुचवतो आणि पावती माणूसच तपासतो. तिसरा प्रश्न पैशांचा. संगणकात `0.1 + 0.2` ची बेरीज नेहमीच्या फ्लोट पद्धतीने केली तर पायथॉन `0.30000000000000004` असे उत्तर देतो. मग पैसे कसे साठवले? ती सांगते की सुरुवातीला हीच चूक झाली, नंतर सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवल्या.

या तीन उत्तरांनी "टिकाल कशावरून" हा न विचारलेला प्रश्न बऱ्याच अंशी निकाली निघतो. चुका सांगितल्यामुळे तिची बाजू पडत नाही. उलट, हा प्रोग्राम खरोखर वापरात होता हे त्या चुकांवरूनच कळते.

जुन्या कामातून नवे काम कसे उगवते याचे एक जगजाहीर उदाहरण जपानचे आहे. मासाको वाकामिया यांनी बँकेत चाळिसाहून अधिक वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर संगणक हाताळता हाताळता वृद्धांना आवडतील असे मोबाइलवरचे खेळ नाहीत हे त्यांच्या लक्षात आले. मग त्या प्रोग्रामिंग शिकल्या आणि 2017 साली, वयाच्या 81 व्या वर्षी त्यांनी "हिनादान" हा पारंपरिक बाहुल्या मांडण्याचा खेळ तयार केला. त्याच वर्षी अ‍ॅपलने त्यांना आपल्या परिषदेला बोलावले. प्रोग्रामिंग का शिकलात, याचे उत्तर त्यांच्या खेळातच होते.

गोष्ट पक्की करताना एका मोहापासून मात्र दूर राहायला हवे. दोन-तीन वर्षांचा सॉफ्टवेअरचा अनुभव कागदावर दाखवा, असा सल्ला देणारे भेटतात. नोकरी देण्यापूर्वी अनेक कंपन्या पार्श्वभूमी तपासतात आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात आधीच्या नोकऱ्यांची नावे व तारखा दिसतात. तिथे पतसंस्था दिसली आणि अर्जात भलतीच कंपनी असली तर हाती आलेले नियुक्तिपत्रही जाते. खातेदारांची खरी माहिती मुलाखतीत दाखवणेही तितकेच घातक. बनावट नावांची, काल्पनिक रकमांची यादी करून तीच दाखवावी.

या गोष्टीला मर्यादाही आहेत. कोडिंगची चाचणी तिच्या जोरावर पार होत नाही. तो सराव वेगळा करावाच लागतो. मोठ्या कंपन्यांच्या नवपदवीधर भरतीत पदवीचे वर्ष आणि टक्केवारीची अट असते, तिथे गोष्ट सांगण्याची वेळच येत नाही. पतसंस्था, बँका, विमा यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये मात्र रोजकीर्द आणि तेरीज कळणाऱ्या प्रोग्रामरला विशेष किंमत असते. अर्ज आधी तिथे करावा. शाळेतून आलेल्याने शैक्षणिक सॉफ्टवेअरकडे आणि औषधाच्या दुकानातून आलेल्याने साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे पाहावे.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी ही गोष्ट दोघांना ऐकवा. एक जुन्या कचेरीतला सहकारी. त्याने "आपल्याकडे असं कधीच नव्हतं" म्हटले तर तिथे अतिशयोक्ती झाली आहे, ते वाक्य काढून टाका. दुसरा, रोज कोड लिहिणारा ओळखीचा माणूस. त्याला सलग तीन प्रश्न विचारायला सांगा. ज्या प्रश्नावर अडाल, त्या प्रश्नापासून उरलेल्या आठवड्याचा अभ्यास सुरू करा.