न पाहिलेल्या रोपांचा इसार



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की शेती खात्याकडे ठरलेली चौकशी सुरू होते. रोपं कुठं मिळतील, को ८६०३२ चांगली की फुले २६५, पट्टा किती फुटांचा सोडायचा. अलीकडे मात्र सभासद खिशातून मोबाईल काढून वेगळंच विचारतात. "साहेब, ही जाहिरात बघा. एक रुपया चाळीस पैशाला रोप, घरपोच. मागवू का?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षीच्या आडसाली लागणीत आपल्या एका सभासदाचं जे झालं ते त्यांच्या परवानगीनं, नाव न देता सांगतो. दोन एकर रान तयार होतं. पाच फुटी सरी सोडलेली, शेणखत पडलेलं, पाण्याची पाळी ठरलेली. पाच बाय दोन फुटांवर एकरी ४,३५६ रोपं बसतात. दोन एकराला ८,७१२ आणि सांधणीला थोडी जादा धरून त्यांनी ९,२०० चा हिशेब केला. आपल्या भागात रोप तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे २३,००० रुपये झाले असते. फेसबुकवरच्या जाहिरातीत तीच रोपं १ रुपया ४० पैशाला, म्हणजे १२,८८० रुपयांत मिळत होती. दहा हजार वाचतात म्हटल्यावर कुणाचंही मन वळेल. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही.

फोन केला तर पलीकडचा माणूस अगदी गोड बोलणारा. व्हॉट्सॲपवर ट्रेमधल्या टवटवीत रोपांचे फोटो आले, जीएसटीचा दाखला आला, एक आधार कार्डही आलं. "निम्मे भरा, गाडी लावतो." सोमवारी संध्याकाळी ६,४४० रुपये गेले. गुरुवारी सकाळी फोन आला की गाडी निघाली, पण जिल्हा ओलांडताना नाक्यावर पास फाडावा लागतो, ३,८५० रुपये पाठवा, रोपं उतरली की बिलातून वजा करू. पाठवले. दुपारी पुन्हा फोन. जीएसटी अठरा टक्क्यांनी २,३१८ रुपये झाला, तोही परत मिळणारा आहे, पण आत्ता भरला नाही तर गाडी अडकून रोपं सुकतील. तेही पाठवले. एकूण १२,६०८ रुपये झाले. तासाभरात चौथा फोन आला की गाडी गावाच्या फाट्यावर आहे, उरलेले ६,४४० टाका म्हणजे ड्रायव्हर आत येईल. सभासद मोटारसायकल काढून फाट्यावर गेले. तिथं गाडी नव्हती. तिथून ते थेट गट ऑफिसला आले.

आता यात काय काय चुकीचं होतं ते नीट बघू, कारण पुढच्या वेळी नाव बदलेल, माल बदलेल, रीत हीच राहील.

पहिली गोष्ट रोपांचीच. एक डोळा कांडी कोकोपीटमध्ये लावल्यापासून रोप लागणीजोगं व्हायला साधारण महिना ते दीड महिना लागतो. त्याहून फार दिवस ट्रेमध्ये राहिलं तर मुळ्यांची गुंडाळी होऊन रोप खराब होतं. म्हणून खरा रोपवाटिकावाला हंगामात तुम्हाला आधी विचारतो, "रान कधी तयार होणार? कुठली जात हवी?" आणि मग तारीख देतो. बेणं कुठल्या मळ्यातलं, किती महिन्यांचं, हे विचारलं की त्याच्याकडे उत्तर असतं. नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातलं असं तो सांगेल. ज्याच्याकडे ऐन हंगामात कुठलीही जात, कितीही हजार, परवा पोच असते, त्याच्याकडे रोपं नसून फक्त फोटो असण्याची शक्यता जास्त. आपल्या सभासदानं को ८६०३२ मागितली होती. मध्येच "२६५ चालेल का" म्हणून सहज विचारून पाहिलं तर तो म्हणाला, "तीच पाठवतो." दोन्ही जातींची रोपं एकाच माणसाकडे असू शकतात, पण निघालेल्या गाडीतली जात बदलत नाही.

दुसरी गोष्ट कराची. रोपं म्हणजे जिवंत झाडं, त्यांच्यावर जीएसटी शून्य आहे. अठरा टक्के कर मागणाऱ्यानं आपण रोपांच्या धंद्यातले नाही हे स्वतःच सांगितलं म्हणायचं. नाक्यावरच्या पासाचंही तसंच. विक्रीकराचे जुने नाके २०१७ साली जीएसटी आल्यावर गेले.

जीएसटीचा दाखला खरा होता, बरं का. gst.gov.in वर नंबर टाकून करदात्याचा शोध घेतला तर दुकानाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू की बंद हे दिसतं. आम्ही तो नंबर टाकून पाहिला. नोंदणी चालू होती, पण दुसऱ्याच कुणा व्यापाऱ्याच्या नावावर, आणि धंदा लोखंडी सामानाचा. दुसऱ्याचे खरे कागद उचलून आपले म्हणून पाठवायचे ही यांची नेहमीची तऱ्हा. म्हणून नुसता कागद पाहून भागत नाही. कागदावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जातात ते नाव एक आहे का, हे पाहावं लागतं. पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी मोबाईलवर बँकेतल्या नोंदीचं नाव येतं. इथं रोपवाटिकेचं नाव एक, आधार कार्डावरचं दुसरं आणि खात्यावरचं तिसरंच होतं. तीन वेळा पैसे गेले, तिन्ही वेळा खातं वेगळं.

कुणी म्हणेल की खरे रोपवाटिकावालेही आगाऊ रक्कम घेतात. घेतात, आणि त्यात गैर काही नाही. ट्रे, कोकोपीट, मजुरी याचा खर्च त्यांना आधी करावा लागतो. फरक इतकाच की खरा माणूस एकदा इसार घेतो, पावती देतो, आणि तुम्ही रोपं बघायला येतो म्हटलं तर खूष होतो. खोटा माणूस रोपं बघू देत नाही आणि थोडे थोडे करून पुन्हा पुन्हा मागतो. प्रत्येक वेळी "हे परत मिळणार" असं सांगतो. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे घालतो, त्यावरच हा सगळा धंदा चालतो.

लांबची रोपवाटिका असेल आणि जाणं जमत नसेल तर गट ऑफिसला गावाचं नाव सांगा. त्या भागातल्या कारखान्याच्या शेती खात्यात आमचे ओळखीचे लोक असतात. एका फोनवर तिथं अशी रोपवाटिका आहे की नाही ते कळतं.

खताच्या बाबतीत तर ओळखणं आणखी सोपं आहे. डीएपीची ५० किलोची पिशवी १,३५० रुपयांना आणि युरियाची ४५ किलोची २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकारी अनुदानामुळे. २०१८ पासून ही पद्धत अशी आहे की परवानाधारक दुकानदारानं पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवून विक्री नोंदवली, की मगच कंपनीला अनुदान मिळतं. म्हणून नऊशे रुपयांत डीएपी, आधी पैसे भरा, घरपोच, अशी जाहिरात दिसली तर विचार करा, अंगठा न घेता हे खत मशीनवर कुणाच्या नावे चढणार? पैसे भरल्यावर खत येणार नाही, किंवा आलं तर पिशवीत काय असेल त्याचा भरवसा नाही.

माल विकणाऱ्यांना याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. हळद किंवा सोयाबीन विकायची म्हणून कुणी मोबाईलवर फोटो टाकतो. लगेच परगावचा खरेदीदार फोन करतो, बाजारापेक्षा हजार-दीड हजार जादा भाव देतो. खरा व्यापारी आधी विचारतो की हळद पॉलिश केलेली आहे का, सोयाबीनला ओलावा किती, नमुना पाठवता का. ओलाव्याच्या एका टक्क्यावर भाव ओढणारी ही माणसं, न बघता जादा भाव कशाला देतील? खोटा खरेदीदार मालाबद्दल काही विचारत नाही, तो फक्त तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे ते विचारतो. कधी स्वतःला लष्करातला म्हणवतो, युनिटच्या मेससाठी माल हवा सांगतो. मग एक क्यूआर पाठवतो, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवणारेही आहेत.

आता पैसे गेलेच तर काय करायचं. आपल्या सभासदाला चिटबॉयनं तिथंच बसवून १९३० नंबर लावून दिला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. तिथं किती रुपये, किती वाजता, कुठल्या खात्यातून गेले आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात. तो मोबाईलवरच्या व्यवहारात लिहिलेला असतो, म्हणून रागानं काही पुसून टाकू नका. मग ज्या बँकेत पैसे गेले तिला निरोप जातो आणि खात्यात असेल तेवढी रक्कम थांबवली जाते. हे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार लवकर फिरवतात, म्हणून इथं वेळेला किंमत आहे. गुरुवारी दुपारचे २,३१८ रुपये तासा-दीड तासात कळवल्यामुळे थांबले. सकाळचे ३,८५० आणि सोमवारचे ६,४४० एटीएममधून निघून गेले होते. cybercrime.gov.in वर रीतसर तक्रार झाली, बँकेतही लेखी अर्ज दिला.

बँकेकडून भरपाई मिळेल का, असं बरेचजण विचारतात. रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली नियम केला, पण त्याचा मुख्य आधार ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना होता. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला तो सहसा उपयोगी पडत नसे. थांबवलेली रक्कमही लगेच हातात येत नाही, तिला कागदांतून जावं लागतं.

सभासदाचं खरं नुकसान मात्र बारा हजारांवर थांबलं नाही. रोपांची वाट बघण्यात पाण्याची पाळी गेली. गावातल्या रोपवाटिकेत तोपर्यंत सगळी रोपं बोललेली होती. शेवटी शेजारच्या बेणेमळ्यातून ऊस घेऊन एकरी दहा हजार दोन डोळ्यांची टिपरी लावली, तीही पंधरवडा उशिरा. रोपलागणीसाठी पाच फुटी सोडलेल्या सरीत टिपरी लावल्यामुळे मजुरी वाढली, आणि आडसाली नोंदीची तारीख मागं सरकली ती वेगळीच.

यंदा जुलैच्या लागणीसाठी रोपं हवी असतील त्यांनी मे अखेरपर्यंत गट ऑफिसात जात, क्षेत्र आणि रान तयार होण्याची तारीख नोंदवावी. बाहेरून रोपं मागवायची असतील तर पहिला रुपया पाठवण्याआधी ज्या खात्यात पैसे पाठवायचे त्याचा तपशील घेऊन या. चिटबॉय किंवा शेती खात्यातला कुणीही तो पडताळून देईल.

— ऊस विकास अधिकारी