बाळाचे घामोळे: अडकलेला घाम

घामोळे म्हणजे त्वचेखाली अडकलेला घाम. घामाच्या ग्रंथीतून निघालेली बारीक नळी त्वचेच्या पृष्ठभागावर उघडते. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, ओलसर त्वचा फुगते आणि नळीचे तोंड बुजते. मागून येणारा घाम मग आतच झिरपतो. अडथळा अगदी वरच्या थरात असेल तर दवबिंदूंसारखे पारदर्शक फोड दिसतात. ते दुखत नाहीत, खाजतही नाहीत. अडथळा थोडा खोल असला तर लाल, टोचणारे पुरळ येते. तान्ह्या बाळाच्या नळ्या पुरत्या तयार झालेल्या नसतात, म्हणून त्याला हा त्रास लवकर होतो.

समजा, मे महिन्यात रत्नागिरीतल्या चार महिन्यांच्या बाळाच्या मानेच्या वळ्यांत, पाठीवर आणि काखेत लाल पुरळ आले आहे. डोक्याला टोपरे, अंगात सिंथेटिक झबले, त्यावर दुपट्याची घट्ट गुंडाळी आणि खाली प्लास्टिकचे मेणकापड, असा त्याचा थाट आहे. हातपाय गार लागतात म्हणून ते गुंडाळलेले असते. पण तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही गार असतात. उकाडा जोखायचा तर मानेमागे किंवा पाठीवर हात ठेवावा. तिथे गरम आणि घामट लागले, तर कपडे जास्त झाले आहेत.

पहिला उपाय म्हणजे घाम थांबवणे. टोपरे आणि गुंडाळी काढून सैल, पातळ सुती झबले घालावे, खोलीत वारा खेळता ठेवावा, मेणकापडावर सुती कापड अंथरावे. दिवसातला काही वेळ बाळाला लंगोटाशिवाय ठेवावे. कोमट किंवा किंचित गारसर पाण्याने अंघोळ घालावी, साबण अगदी थोडा वापरावा आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे. मानेच्या वळ्या अलगद उघडून तिथला ओलावा टिपावा, दूध ओघळले असेल तर तेही पुसावे. त्वचा चोळू नये.

पुरळ असेपर्यंत तेलाचे मालीश, बेसन आणि घट्ट मलमे बंद ठेवावीत, कारण त्यांनी नळ्यांची तोंडे आणखी बुजतात. पावडर घामात भिजून वळ्यांत तिचे गोळे होतात आणि तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. सहा महिन्यांपर्यंत उकाड्यातही वरचे पाणी देऊ नये. अंगावर जास्त वेळा पाजावे.

बाळाला गारवा मिळाला की पुरळ बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. ते वाढत गेले, फोडांत पू झाला, भोवतालची त्वचा सुजून गरम लागली किंवा बाळ दूध पिईनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. घामोळ्याने ताप येत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. जांघेच्या वळीत खोलवर गडद लाली आणि कडेला सुटे ठिपके दिसले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला वेगळे औषध लागते.