स्लाइडवरचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये आणताना

स्लाइडवरचा तक्ता डोळ्यांसाठी मांडलेला असतो. त्यात एखादा शब्द सात ओळींना मिळून एकदाच लिहिलेला चालतो, एकक मथळ्यात असते किंवा कोपऱ्यातल्या तळटीपेत, आणि जागा पुरली नाही तर मथळाच गाळला जातो. वाचणारा माणूस हे सगळे मनातल्या मनात भरून घेतो. स्प्रेडशीटला तसे काही भरता येत नाही. तिथे प्रत्येक ओळीने स्वतःची ओळख स्वतःच सांगावी लागते आणि एका सेलमध्ये एकच गोष्ट असावी लागते.

उदाहरणादाखल कोकण विभागाच्या लोकसंख्येची एक स्लाइड डोळ्यांसमोर आणता येईल. स्लाइड कल्पित आहे, आकडे मात्र जनगणनेचे. डावीकडे ‘कोकण’ हा एकच उभा मर्ज केलेला सेल आणि त्याच्या शेजारी सात जिल्हे: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. वर ‘लोकसंख्या (लाख)’ असा आडवा मर्ज केलेला मथळा, त्याखाली २००१ आणि २०११. पुढे ‘क्षेत्रफळ’ हा रकाना आहे, पण एकक दिलेले नाही. शेवटच्या रकान्याला तर मथळाच नाही. तळाला ‘एकूण’ची ओळ.

स्लाइडमध्ये खरा तक्ता असेल तर तो निवडून एक्सेलमध्ये सरळ पेस्ट करता येतो. तक्त्याचे चित्र असेल तर मजकूर ओळखणाऱ्या सुविधेचा आधार घ्यावा लागतो, आणि मग प्रत्येक आकडा मूळ चित्राशी ताडून पाहणे आलेच, कारण दशांशचिन्ह गळले तरी आकडा दिसायला ठाकठीकच दिसतो. पेस्ट झाल्यावर Home मधल्या Merge & Center खालचे Unmerge Cells वापरले की मर्ज सुटतात. मजकूर फक्त डावीकडच्या वरच्या सेलमध्ये उरतो, बाकीचे सेल रिकामे होतात.

हे रिकामे सेल भरण्याची रीत सोपी आहे. समजा ‘कोकण’ A3 मध्ये आहे. A3 ते A9 निवडायचे, F5 दाबून Special आणि त्यात Blanks घ्यायचे. फक्त रिकामे सेल निवडले जातात. मग पुढचे सूत्र लिहून Ctrl+Enter दाबायचे.

```
=A3
```

प्रत्येक रिकामा सेल आपल्या वरच्या सेलमधला मजकूर घेतो. त्यानंतर हा रकाना कॉपी करून Paste Special मधल्या Values ने पुन्हा तिथेच ठेवायचा. हे राहिले तर पुढे ओळींची क्रमवारी बदलताच सूत्रे भलत्याच सेलकडे बोट दाखवू लागतात.

खरा धोका मात्र इथेच आहे. अख्खा तक्ता निवडून हीच युक्ती केली तर काम झटपट होते आणि चुकते. या स्लाइडवर ठाणे आणि पालघर यांच्या आकड्यांचे सेलही उभे मर्ज केलेले आहेत, पण त्या मर्जचा अर्थ वेगळा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे, ती पालघरचा भाग धरूनच. ‘कोकण’च्या मर्जचा अर्थ ‘हेच नाव प्रत्येक ओळीला लागू’ असा आहे, तर या मर्जचा अर्थ ‘हा आकडा दोघांचा मिळून’ असा. पहिला खाली उतरवायचा असतो. दुसरा उतरवला तर एक कोटी दहा लाख माणसे दोनदा मोजली जातात. म्हणून नावांचे रकाने भरावेत, आकड्यांचे तसेच ठेवावेत. इथे ‘ठाणे (पालघरसह)’ अशी एकच ओळ ठेवणे हा प्रामाणिक मार्ग. पालघरपुढे शून्य लिहिणे ही तर आणखी मोठी चूक, कारण तिथे शून्य माणसे राहतात असा त्याचा अर्थ होतो. आकडा नसेल तर सेल रिकामा ठेवावा आणि कारण शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.

आता एकके. समजा स्लाइड करणाऱ्याने बाकी सगळे आकडे लाखांत दिले आणि ठाण्याचा तेवढा ‘१.११ कोटी’ असा लिहिला. अक्षरे मिसळल्यामुळे हा सेल मजकूर ठरतो, आणि SUM मजकुराला काही न बोलता वगळते. चूक दाखवणारी कुठलीही खूण उमटत नाही. ती सापडते ‘एकूण’च्या ओळीमुळे. २०११च्या रकान्यात ३०.८५, ९३.५७, २६.३४, १६.१५ आणि ८.५० यांची बेरीज १७५.४१ येते, स्लाइडवर एकूण २८६.०१ आहे. फरक ११०.६० लाखांचा, म्हणजे नेमका ठाण्याचा. ‘१.११ कोटी’चे १११ लाख केले तर बेरीज २८६.४१ होते. उरलेले ०.४० लाख, म्हणजे सुमारे चाळीस हजार माणसे, कोटीत गोळाबेरीज करताना वाढली. एकच आकडा असा ढोबळ असेल तर एकूणमधून बाकीचे वजा करून तो जास्त नेमका मिळवता येतो. असे दोन असतील तर मूळ जनगणनेकडेच जावे लागते. ‘एकूण’ची ओळ म्हणून आधीच पुसू नये, ताळा जमल्यावर मात्र काढावी, नाहीतर पुढच्या प्रत्येक बेरजेत ती दुसऱ्यांदा मिसळते. कुठला सेल आकडा आहे आणि कुठला मजकूर, हे ISNUMBER सांगते.

गाळलेले मथळे अंदाजाने भरू नयेत, भागाकाराने पडताळून भरावेत. मुंबई उपनगराचे क्षेत्रफळ ४४६ लिहिले आहे आणि निनावी रकान्यात २०,९८०. उपनगराच्या ९३,५६,९६२ लोकसंख्येला ४४६ ने भागले की २०,९८०च येतात. मुंबई शहराचे ३०,८५,४११ भागिले १५७ केले की १९,६५२, आणि तेही जुळते. तेव्हा निनावी रकाना लोकसंख्येच्या घनतेचा, आणि तोही २०११चा. क्षेत्रफळाचे एकक मात्र हा भागाकार सांगत नाही; एकक कुठलेही असले तरी तो जुळलाच असता. त्यासाठी बाहेरचा आधार लागतो. जनगणनेत उपनगराचे क्षेत्रफळ ४४६ चौरस किलोमीटर आहे, म्हणून रकाना चौ. किमी.चा. मथळ्यात ‘क्षेत्रफळ_चौकिमी’ असे एककासह नाव द्यावे, म्हणजे तळटीप हरवली तरी एकक हरवत नाही.

उरतो वरचा दुमजली मथळा. ‘लोकसंख्या_२००१’ आणि ‘लोकसंख्या_२०११’ असे दोन रकाने ठेवले तरी चालते, पण वर्ष ही माहितीच असल्याने तिला स्वतःचा रकाना देणे अधिक सोयीचे. पॉवर क्वेरीत विभाग व जिल्हा हे रकाने निवडून Unpivot Other Columns केले की लोकसंख्येचे दोन्ही रकाने ओळींत उतरतात. क्षेत्रफळ आणि घनता त्याआधी वेगळ्या तक्त्यात काढून ठेवावीत.

```
विभाग,जिल्हा,वर्ष,लोकसंख्या_लाख
कोकण,ठाणे (पालघरसह),2001,81.32
कोकण,ठाणे (पालघरसह),2011,110.60
कोकण,रत्नागिरी,2001,16.97
कोकण,रत्नागिरी,2011,16.15
```

लाखांचे आकडे एक लाखाने गुणून व्यक्तींमध्ये आणण्याचा मोह होतो. तसे केल्यास ठाण्यापुढे १,१०,६०,००० दिसते आणि शेवटची तीन शून्ये मोजलेली असल्याचा भास होतो. स्लाइडवर जेवढी अचूकता होती तेवढीच ठेवावी. अचूक आकडा हवा असेल तर तो जनगणनेतून घ्यावा आणि कुठून घेतला ते शेऱ्यात लिहावे.