फलकावरचे १२० आणि रस्त्यावरचे ८०

इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमबाहेर शनिवार-रविवारच्या टेस्ट ड्राइव्हचा फलक लागतो, तेव्हा त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असते ती रेंज: एका चार्जमध्ये १२० किलोमीटर. हा आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचाही नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या सरकारमान्य संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमाने पळवतात. त्यात वेग ४२ किलोमीटरच्या वर जात नाही, वजन एकट्या चालकाचे असते आणि चढ नसतोच. तिथे निघालेली ही रेंज कंपनी प्रमाणित रेंज म्हणून छापते.

शहरात मागे माणूस बसतो, सिग्नल सुटला की पिळून ॲक्सिलरेटर दिला जातो आणि वाटेत उड्डाणपूल येतात. गाडी आणि दोन माणसे मिळून अडीचशे किलो वजन शंभर मीटर उंच चढवायचे, तर सपाटीवर सुमारे तीन किलोमीटर पुरेल एवढी वीज लागते. कोथरूडहून बावधनकडे रोज येणाऱ्याला हा हिशेब लगेच पटेल.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती एक चक्कर मारून संपवू नये. दोन किलोमीटरांत बॅटरीचा आकडा जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी हलतो, त्यावरून काहीच कळत नाही. नऊ-दहा किलोमीटरांची फेरी मागावी आणि ती रोजच्याच मोडमध्ये, घरच्या माणसाला मागे बसवून मारावी. ट्रिप मीटर शून्यावर आणून टक्के लिहून ठेवावेत. समजा, निघताना ८४ टक्के होते आणि नऊ किलोमीटरांनंतर ७३ उरले. अकरा टक्क्यांत नऊ, म्हणजे पूर्ण चार्जमध्ये साधारण ८२ किलोमीटर. शेवटचे पंधरा टक्के राखून ठेवले, तर भरवशाचे उरतात सत्तर. रोजची ये-जा चाळीसची असेल तर गाडी निर्धास्त घ्यावी. पासष्टची असेल तर ऑफिसात चार्जिंगची सोय आहे का, ते आधी पाहावे, कारण वर्षे जातील तशी बॅटरीची क्षमता कमीच होत जाते. प्रामाणिक डीलरने हे दोन्ही आकडे फलकावर शेजारी-शेजारी लिहावेत. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट नंतरची भांडणे टळतात.

फेरीला जाताना लायसन्स सोबत लागते. गाडी पसंत पडली तरी टोकन भरण्याआधी ऑन-रोड किमतीचे लेखी कोटेशन घ्यावे. एक्स-शोरूम किंमत, विमा, आरटीओ नोंदणी आणि चार्जर त्यात वेगवेगळे दाखवलेले हवेत. काही कंपन्या नेव्हिगेशन, जादा मोड यांचे पैसे वेगळे घेतात. टेस्टच्या गाडीत ते सगळे चालू असते, म्हणून विकतच्या गाडीत काय मिळणार हे विचारलेच पाहिजे. टोकन परत मिळेल का आणि किती दिवसांत, हे पावतीवरच लिहून घ्यावे. उरलेली रक्कम भरण्यापूर्वी आपल्या नावावर लागलेल्या गाडीचा चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना पाहावा. बरेच महिने उभी असलेली गाडी असेल, तर दुसरी मागण्याची वेळ हीच. एकदा त्या चासी नंबरावर नोंदणी झाली की बदल करणे फार अवघड जाते.