दहा मिनिटांचा काळा रंग

किराणा दुकानात शॅम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी हल्ली केस काळे करणाऱ्या शॅम्पूचीही माळ लटकलेली असते. हातमोजे घाला, पुडीतलं मिश्रण कोरड्या केसांना चोळून फेस काढा, दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन टाका. मेंदीचं भिजवणं नाही, कलपाची वाटी-ब्रश नाही. पण पंधरवड्यात आरशासमोर कुरकुर सुरू होते, की रंग टिकलाच नाही.

मुळात पुडीत काळा रंग नसतोच. अशा बहुतेक पुड्यांना दोन कप्पे असतात. एकात पीपीडी नावाच्या रसायनाची आणि त्याच्या सोबत्यांची क्रीम असते, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही एकत्र आले की रंग तयार व्हायला लागतो. वाटीत थोडं मिश्रण ठेवून पाहा: आधी फिकट, मग तपकिरी आणि काही मिनिटांत काळपट. हेच केसाच्या आत व्हावं, अशी अपेक्षा असते. केसाला बाहेरून कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या पातळ खवल्यांचं आवरण असतं. मिश्रणातला अमोनिया किंवा त्याचा सौम्य पर्याय केस फुगवतो, खवले जरा सैल होतात आणि पीपीडीचे बारीक रेणू आत शिरतात. आत पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांशी आणि सोबत्यांशी जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू होतात. खिडकीच्या गजांतून आत आलेलं मांजराचं पिल्लू आतच वाढून लठ्ठ झालं, की त्याच गजांतून बाहेर पडू शकत नाही, तसं हे.

या कामाला वेळ लागतो, आणि नेमका वेळच आपण वाचवलेला असतो. साध्या क्रीम कलपाला अर्धा तास किंवा जास्त देतात. इथे दहा मिनिटं. त्यात ‘अमोनियाविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतला सौम्य पर्याय खवले तितके सैल करत नाही. पांढरे केस बऱ्याचदा जाड, राठ आणि हट्टी असतात, त्यांत रंग शिरायला आणखी उशीर. त्यामुळे रंगाचा मोठा वाटा केसाच्या पृष्ठभागाजवळच राहतो. मिश्रण करून ठेवलं आणि मध्येच फोन घेत बसलं, तर रेणू वाटीतच मोठे होतात आणि केसात शिरायची संधीच उरत नाही. असं उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवूही नये. पेरॉक्साइडमधून वायू सुटत राहतो आणि बाटली फुगते.

नंतरच्या प्रत्येक न्हाणीत केस पाण्याने फुगतो, आणि आवरणाजवळचे, नीट न जोडले गेलेले रेणू फेसाबरोबर निघून जातात. गरम पाणी आणि कडक ऊन हे काम आणखी लवकर उरकतात. काळा जाऊन तांबूस छटा का येते, हा प्रश्न हमखास विचारला जातो. काळ्या रंगात अनेक छटांचे रेणू मिसळलेले असतात आणि ते सगळे सारख्या वेगाने जात नाहीत. शिवाय डोक्यावर जे काळे केस शिल्लक असतात, त्यांचा मूळ रंगही पेरॉक्साइड थोडा उतरवतं.

मात्र सगळा दोष रंग उडण्याला देणं चूक. समजा, एका गृहस्थांचे कल्ले जवळजवळ पांढरे आहेत आणि तिथले केस चार सेंटीमीटर लांब. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे पंधरा दिवसांत मुळाशी अर्धा सेंटीमीटर नवा पांढरा केस आला. पूर्ण केसाचा तो आठवा भाग, आणि कानाजवळ तो सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. हा केस कधी रंगलेलाच नव्हता! ओळखायचं कसं? उजेडात केस उलटा करून पाहावा. मुळाशी पांढरी रेघ आणि पुढे काळा असेल, तर ती वाढ. टोकापर्यंत सगळाच विटका, तांबूस दिसत असेल, तर रंग उतरला.

काही शॅम्पूंना दुसरा कप्पा नसतो. त्यांत तयार रंगच असतो आणि तो केसावर नुसता चिकटतो. तो काही धुण्यांतच जाणार, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. दोन कप्प्यांच्या पुडीबाबत मात्र एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. शॅम्पू म्हटलं की माणूस तो सैल हाताने, वरचेवर वापरतो, आणि दर वेळी टाळूला पीपीडीचा स्पर्श होतो. याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवू शकते, आणि खाज, लाली किंवा पापण्यांची सूज बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. ‘हर्बल’ पुडीच्या मागची बारीक अक्षरंही वाचावीत. तिथेही पीपीडी असू शकतं. पुन्हा रंगवायची वेळ आली, तर मिश्रण आधी मुळांनाच लावावं आणि टोकांना शेवटची एक-दोन मिनिटं पुरेत.